हिरोशिमा 'अपरिहार्य' होतं का? २० गुणांच्या उत्तराची मांडणी

पारंबी

इतिहास वैकल्पिक, माध्यम मराठी. सरावाचा प्रश्न असा आहे: "दुसरे महायुद्ध संपवण्यासाठी अमेरिकेने अणुबॉम्ब वापरणे अपरिहार्य होते." चिकित्सक परीक्षण करा. गुण २०.

माझा आराखडा: बाजूने तीन मुद्दे (१० लाख सैनिकांचे प्राण वाचले, जपान शरण यायला तयार नव्हता, बॉम्ब पडताच युद्ध संपलं). विरोधात तीन (जपान आधीच शरण येत होता, खरा हेतू रशियाला धाक दाखवण्याचा होता, बळी नागरिकांचे गेले). शेवटी 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असा समारोप. २० पैकी ७ मिळाले आणि शेरा आला, "निर्णय कुठे आहे?" दोन्ही बाजू मांडल्यावर निर्णय द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

शिलाहार

तुमच्या मुद्द्यांपेक्षा गृहीतकात अडचण आहे. बॉम्ब वापरणं ही एकच घटना आणि तिच्यामागे ट्रुमन यांनी एका दिवशी घेतलेला एकच निर्णय, असं तुम्ही धरून चालला आहात. कागदपत्रं वेगळं सांगतात.

सगळ्यात आधी २५ जुलै १९४५ चा लष्करी आदेश घ्या. हवाई दलाचे जनरल स्पाट्झ यांनी तोंडी आज्ञेवर असला बॉम्ब टाकायला नकार दिला आणि लेखी आदेश मागितला. लष्करप्रमुख जनरल मार्शल तेव्हा पॉट्सडॅमच्या परिषदेला होते, म्हणून त्यांच्या जागी काम पाहणारे जनरल हँडी यांनी सही केली. मसुदा बॉम्ब बनवणाऱ्या मॅनहटन प्रकल्पाचे प्रमुख ग्रोव्ह्ज यांचा होता. पहिल्या कलमात म्हटलंय की साधारण ३ ऑगस्टनंतर, डोळ्यांनी लक्ष्य दिसेल असं हवामान मिळताच हिरोशिमा, कोकुरा, निगाता किंवा नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला खास बॉम्ब टाकावा. दुसरं कलम आणखी महत्त्वाचं आहे. पुढचे बॉम्ब प्रकल्पाकडून जसजसे तयार होतील तसतसे याच शहरांवर टाकावेत, असं ते सांगतं.

म्हणजे नागासाकीसाठी वॉशिंग्टनमध्ये कुणी वेगळा निर्णय घेतलाच नाही. हिरोशिमाचा परिणाम काय झाला, टोकियो काय म्हणतंय, हे पाहण्यासाठी थांबायची तरतूद आदेशात नव्हती. दुसरा बॉम्ब आधी ११ ऑगस्टला ठरला होता. पुढे हवामान बिघडणार असा अंदाज आला म्हणून तो ९ तारखेवर आणला गेला. युद्धातल्या इतक्या मोठ्या घटनेची तारीख ढगांनी ठरवली.

ग्रोव्ह्ज यांनी स्वतः नंतर लिहिलं की ट्रुमन यांचा निर्णय हा हस्तक्षेप न करण्याचा, म्हणजे चालू योजना न मोडण्याचा होता. उत्तराची सुरुवात इथून करा. मग 'अपरिहार्य' हा शब्द हिरोशिमाला आणि नागासाकीला वेगवेगळा लावून बघता येतो, आणि निर्णय द्यायला जागा तयार होते.

दर्यावर्दी

आदेशाचा तपशील मान्य. पण पर्याय काय होता तेही बघा ना. १ एप्रिल ते २२ जून १९४५ ओकिनावाची लढाई चालली, अमेरिकेचे १२,००० हून जास्त लोक एका बेटासाठी गेले. पुढे १ नोव्हेंबरला क्यूशूवर उतरायचं आणि १ मार्च १९४६ ला टोकियोच्या मैदानी प्रदेशात. १० लाख सैनिक मरणार असा अंदाज असताना कुठल्या राष्ट्राध्यक्षाने हातातलं शस्त्र बाजूला ठेवलं असतं? हा मुद्दा उत्तरातून काढू नका.

शिलाहार

स्वारीची योजना, तारखा, ओकिनावा हे सगळं बरोबर, आणि उत्तरात हवंच. १० लाखांचा आकडा मात्र तसा लिहू नका.

तो ठळकपणे पुढे आला १९४७ मध्ये, माजी युद्धमंत्री स्टिमसन यांच्या लेखातून. युद्ध संपल्यावर, टीका सुरू झाल्यावर लिहिलेला लेख आहे तो. शिवाय त्यात म्हटलंय ते 'हताहत' दहा लाखांहून अधिक. आपल्याकडे अनेक मराठी नोट्समध्ये त्याचं 'मृत्युमुखी' झालं आहे. हताहत म्हणजे मेलेले आणि जखमी दोन्ही, मृतांची संख्या त्याचा एक भाग असते. तपासणाऱ्याला ही चूक लगेच दिसते.

युद्धकाळातली चर्चा बघायची तर १८ जून १९४५ ची व्हाइट हाउसमधली बैठक घ्या. ट्रुमन यांनी क्यूशूच्या स्वारीला मान्यता दिली ती तिथे. मार्शल म्हणाले, पहिल्या ३० दिवसांत लुझोनच्या लढाईइतकं, म्हणजे साधारण ३१,००० हताहतांपर्यंतचं नुकसान धरावं. अॅडमिरल लेही यांनी ओकिनावाचं ३५ टक्क्यांचं प्रमाण पुढे केलं, ते क्यूशूसाठी ठरलेल्या साडेसात लाखांहून अधिक सैन्याला लावलं तर आकडा कितीतरी पट होतो. नियोजन समितीच्या त्याच महिन्यातल्या टिपणात क्यूशू आणि टोकियो मिळून सुमारे ४०,००० मृत धरले होते. एकच एक अंदाज नव्हताच.

तरीही दर्यावर्दींचा रोख योग्य आहे. जुलैअखेर फोडलेल्या जपानी संदेशांवरून कळत होतं की क्यूशूवरचं जपानी सैन्य जूनच्या अंदाजापेक्षा खूप वाढलंय. जूनचे आकडे ऑगस्टमध्ये शिळे झाले होते. म्हणून 'स्वारी महाग पडणार ही भीती खरी होती, १० लाख मृतांचा आकडा त्या निर्णयामागे नव्हता' एवढं एक वाक्य पुरेसं आहे. आणि बॉम्बला पर्याय फक्त स्वारीच होती, हेही तपासल्याशिवाय धरू नका. नोव्हेंबरला अजून तीन महिने होते.

ओलेती

पण मुळात जपान जुलैपासून रशियामार्फत शरणागती देऊ करत होता आणि अमेरिकेने ते संदेश फोडून वाचले होते! एकच अट होती, सम्राटाला हात लावू नका. आणि शेवटी सम्राटाला ठेवलंही. मग दोन शहरं जाळायची गरजच काय होती? त्यात पंतप्रधान सुझुकींच्या 'मोकुसात्सु', म्हणजे मौनाने दुर्लक्ष करणे, या एका शब्दाचं चुकीचं भाषांतर झालं आणि हिरोशिमा घडलं. यावर 'दोन्ही बाजूंत तथ्य' कसं म्हणता येईल?

मंद्रसप्तक

ओलेतीताई, 'मोकुसात्सु'चं आधी. जपानकडे बिनशर्त शरणागती मागणारा पॉट्सडॅम जाहीरनामा २६ जुलैचा. सुझुकींनी तो शब्द वापरला २८ जुलैला. वर दिलेला आदेश २५ जुलैचा. जाहीरनाम्याच्याही आदल्या दिवशी निघालेला आदेश २८ तारखेच्या भाषांतरामुळे निघाला असं कसं होईल? सुझुकी 'स्वीकारतो' म्हणाले असते तर आदेश थांबवता आला असता, हे खरं. पण ते तसं म्हणाले नाहीत, कुठल्याच भाषांतरात.

तारखा एकाखाली एक लिहून काढल्या तरी या विषयातले निम्मे वाद मिटतात.

शिलाहार

आणि मॉस्कोच्या संदेशांबद्दल. ते नीट वाचले तर दोन्ही बाजूंना थोडं मागे सरावं लागतं.

परराष्ट्रमंत्री तोगो यांनी १२ जुलैच्या सुमारास मॉस्कोतले राजदूत सातो यांना कळवलं की सम्राटाची युद्ध संपावं अशी इच्छा आहे, विशेष दूत पाठवायचा आहे. हे खरं, आणि अमेरिकेने ते वाचलं हेही खरं. पण देऊ काय करायचं ते तोगो सांगू शकत नव्हते, कारण टोकियोत त्यावर एकमतच नव्हतं. सातो हा फार स्पष्टवक्ता राजदूत. त्याने उलट कळवलं की ठोस अटी नसतील तर रशियन दारात उभं करणार नाहीत, राजघराणं राहील एवढ्या एका अटीवर बिनशर्त शरणागती घ्या. त्यावर २१ जुलैला तोगोंचं उत्तर गेलं की कोणत्याही परिस्थितीत बिनशर्त शरणागतीला संमती देता येणार नाही.

हेच उत्तर अमेरिकेनेही वाचलं. म्हणजे 'जपान शरण येत होता' हे चूक. जपानमधला एक गट शांततेची वाट शोधत होता, आणि त्या गटाला बळ देता आलं असतं. दुसरं वाक्य पुराव्याला धरून आहे.

ते बळ कशाने मिळालं असतं? जाहीरनाम्याच्या मसुद्यात बाराव्या परिच्छेदात स्टिमसन यांनी लिहिलं होतं की शरणागतीनंतरच्या सरकारात सध्याच्याच घराण्याखालची घटनात्मक राजेशाही असू शकेल. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांच्या भूमिकेमुळे जाहीरनामा निघाला तेव्हा ते वाक्य गळालेलं होतं. अमेरिकेतल्या जनमताची भीती होती, नरमाई दिसली तर जपानी लष्कर उलट ताठर होईल अशीही शंका होती. कारणं पोकळ नव्हती. पण एक पर्याय टेबलावर होता आणि तो न वापरता बाजूला ठेवला गेला. 'अपरिहार्य' या शब्दावर पहिला घाव इथे बसतो.

दुसरा पर्याय रशियाचा. याल्टाच्या परिषदेत स्तालिनने कबूल केलं होतं की जर्मनी पडल्यावर दोनतीन महिन्यांत जपानविरुद्ध उतरू. पॉट्सडॅमला १७ जुलैला त्याने ट्रुमनना १५ ऑगस्ट ही तारीख सांगितली. ट्रुमन यांनी त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं की ते झालं की जपान्यांचा खेळ खलास. म्हणजे रशियाच्या प्रवेशाने युद्ध संपू शकतं असं त्यांना वाटत होतं, निदान त्या दिवशी. आणि तरीही पहिला बॉम्ब १५ तारखेची वाट न पाहता ठेवला गेला.

रानवारा

प्रश्न वापराच्या निर्णयाबद्दल आहे, तर भारताचं 'प्रथम वापर नाही' धोरण का आलं नाही कुणाच्या उत्तरात? ४ जानेवारी २००३ च्या निवेदनानुसार भारत आधी वापरणार नाही, पण भारतावर किंवा कुठेही भारतीय सैन्यावर अण्वस्त्र हल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. माझ्या मुलाच्या वादविवाद स्पर्धेला हाच विषय होता, त्यामुळे मुद्दे तयार आहेत. हे धोरण बदलावं का, यावर दोन्ही बाजू देऊ का?

मंद्रसप्तक

रानवारा, इथला प्रश्न १९४५ चा आहे, 'युद्ध संपवण्यासाठी' हे शब्द त्यातच आहेत. भारताचं धोरण दुसऱ्या पेपरातला विषय.

पण तुमच्या निवेदनातली एक ओळ इथे जुळते. प्रत्युत्तराची परवानगी फक्त नागरी राजकीय नेतृत्वच देईल, असं त्यात म्हटलंय. १९४५ च्या जुलैत अशी अट नव्हती. ती आली १० ऑगस्टला. त्या दिवशी ग्रोव्ह्ज यांनी मार्शलना कळवलं की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतर चांगलं हवामान मिळताच टाकता येईल. मार्शलनी त्याच कागदावर हाताने लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट अनुमतीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ट्रुमन म्हणाले की आणखी एक लाख लोक मारायचा विचार भयंकर आहे, 'ती सगळी मुलं' त्यांना नको होती. वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत ही नोंद आहे.

म्हणजे ट्रुमन यांचा अण्वस्त्राबद्दलचा खराखुरा, स्पष्ट निर्णय एकच दिसतो आणि तो थांबवण्याचा आहे. पारंबी, हे वाक्य तुमच्या उत्तरात आलं तर ते इतर शंभर उत्तरांपेक्षा वेगळं उठून दिसेल.

पारंबी

आदेशाचा मुद्दा कळला. आता ६ ते १४ ऑगस्टचा गुंता. 'बॉम्बमुळे शरणागती' आणि 'रशियामुळे शरणागती' यांत निवड कशी करायची? दोन्हींसाठी इतिहासकार सापडतात. रिचर्ड फ्रँक आणि असादा बॉम्बला जास्त वजन देतात, हासेगावा रशियाला. नावं टाकून सोडून दिलं तर पुन्हा तोच शेरा येईल.

शिलाहार

नावं टाकू नका, ९ ऑगस्टचा दिवस टाका. तो एक दिवस तासातासाने माहीत असला की निवड आपोआप होत नाही, पण काय म्हणता येतं आणि काय नाही ते कळतं.

६ ऑगस्ट, सकाळी ८:१५, हिरोशिमा. शहराशी संपर्क तुटला. टोकियोला नेमकं काय झालं हे कळायलाच वेळ लागला. ट्रुमन यांच्या निवेदनात हा अणुबॉम्ब असल्याचं म्हटलं होतं, पण जपानी लष्कर ते मानायला तयार नव्हतं. पाहणीसाठी भौतिकशास्त्रज्ञ निशिना ८ तारखेला हिरोशिमाला पोचले. त्याच दिवशी तोगो सम्राटाला भेटले, आणि असली शस्त्रं वापरात आल्यावर युद्ध लवकर संपवायला हवं, असं सम्राटाने सांगितल्याचं तोगोंनी नोंदवलंय. युद्धमंडळाची बैठक मात्र त्या दिवशी होऊ शकली नाही, एक सदस्य मोकळा नव्हता.

८ ऑगस्टला मॉस्कोत संध्याकाळी ५ वाजता सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने सातोला बोलावून युद्धघोषणा वाचून दाखवली. मध्यस्थीचं दार मिटलं. मध्यरात्रीनंतर मांचुरियात सोव्हिएत सैन्य घुसलं. ९ च्या पहाटे टोकियोला कळलं.

सकाळी साडेदहाच्या सुमारास सहा जणांचं सर्वोच्च युद्धमंडळ बसलं: पंतप्रधान सुझुकी, तोगो, नौदलमंत्री योनाई एका बाजूला, युद्धमंत्री अनामी, भूदलप्रमुख उमेझू, नौदलप्रमुख तोयोदा दुसऱ्या बाजूला. ११:०२ ला नागासाकी. बातमी बैठक चालू असताना आली. पहिले तिघे म्हणत होते, सम्राटाचं स्थान राहील एवढ्या अटीवर पॉट्सडॅम स्वीकारू. दुसऱ्या तिघांच्या चार अटी होत्या: सम्राट, शस्त्रं आपणच खाली ठेवू, युद्धगुन्हेगारांचे खटले आपणच चालवू, आणि देशावर ताबा नको. नागासाकीची बातमी आल्यावरही मतं ३ विरुद्ध ३ च राहिली. मंत्रिमंडळातही तोडगा निघाला नाही. मध्यरात्रीजवळ सम्राटासमोर बैठक भरली आणि १० तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास हिरोहितो यांनी तोगोंच्या बाजूने कौल दिला.

यावरून माझा निष्कर्ष असा की नागासाकीने एकही मत हललं नाही. हिरोशिमा ते नागासाकी जेमतेम ७५ तास. त्यांतला बराच वेळ टोकियोचा झालं काय हे समजण्यातच गेला. इतक्या वेळात शरणागतीची अपेक्षा धरणं रास्त नव्हतं, आणि आदेशाने ती धरलीही नव्हती. दुसरा बॉम्ब अनावश्यक होता.

मंद्रसप्तक

शिलाहार सर, इथे एक फट आहे, ती तपासणाऱ्यालाही दिसेल. मतं ३-३ राहिली म्हणून नागासाकीने काही बदललं नाही, असं म्हणायचं तर रशियालाही तेच लागू होतं. पहाटे रशियाची बातमी आली, तरी साडेदहाला अनामी, उमेझू, तोयोदा चार अटींवर अडलेलेच होते. मग रशियानेही काही बदललं नाही का?

दर्यावर्दी

हेच म्हणायचं होतं. आणि आणखी एक. लष्करवाल्यांचा युक्तिवाद असा होता की अमेरिकेकडे असे बॉम्ब फार नसतील. तो दुसऱ्या बॉम्बने तुटला. पकडलेल्या एका वैमानिकाच्या सांगण्यावरून अनामींनी त्याच दिवशी मंत्रिमंडळात सांगितलं की अमेरिकेकडे शंभरेक बॉम्ब असू शकतात, पुढचा टोकियोवर. दुसरा बॉम्ब पडलाच नसता तर त्या वैमानिकाचं कुणी ऐकलं असतं का?

शिलाहार

मंद्रसप्तक, आक्षेप बरोबर आहे. माझं वाक्य जास्तच सरळ होतं, ते सुधारतो.

मतांची संख्या बदलली नाही, पण मतांचा मजकूर बदलला. ९ ऑगस्टच्या आधी लष्करी गट पॉट्सडॅम जाहीरनामा चर्चेलाही घेत नव्हता. ९ च्या सकाळी तो चार अटींवर का होईना, पण स्वीकारायची भाषा करत होता. 'मुळीच नाही' पासून 'अटींवर' पर्यंतचं हे सरकणं नागासाकीची बातमी खोलीत येण्याआधी झालेलं आहे. ते हिरोशिमा आणि रशिया या दोन्हींमुळे. दोन्ही धक्के इतके जवळ आले की त्यांना वेगळं करायला पुरावा पुरत नाही. रशियाचं वजन जास्त म्हणणाऱ्यांकडे चांगलं कारण आहे: जपानची शेवटची लष्करी योजना आणि राजनैतिक योजना, दोन्ही रशिया तटस्थ राहील यावर उभ्या होत्या. बॉम्बचं वजन जास्त म्हणणाऱ्यांकडेही आहे: सम्राट ८ तारखेलाच, रशियाच्या आधी, बोलला होता.

दर्यावर्दी, शंभर बॉम्बची भीती नागासाकीने वाढली असेल, हे मी नाकारत नाही. पण बोलणारे अनामी स्वतः त्यानंतरही लढायच्याच बाजूने राहिले. ज्याला पटवायचं होतं तोच पटला नाही.

दर्यावर्दी

अनामींना पटवायचं नव्हतं, सम्राटाला पटवायचं होतं. आणि पहाटे दोनला तो काय मोजत होता हे आपल्याला ठाऊक नाही. मी नागासाकीला 'अनावश्यक' म्हणणार नाही. 'आवश्यकता सिद्ध होत नाही' इथपर्यंत येईन.

ओलेती

शरणागतीच्या घोषणेत सम्राटाने काय म्हटलं यावरून ठरवता येत नाही का? १५ ऑगस्टच्या भाषणात नव्या अत्यंत क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे, रशियाचा नाही.

शिलाहार

तो पुरावा जपून वापरा. १५ तारखेचं भाषण जनतेसाठी होतं. दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला सैनिकांसाठी वेगळं फर्मान निघालं. त्यात सोव्हिएत प्रवेशाचा उल्लेख आहे आणि बॉम्बचा नाही. ज्याला जे पटेल ते सांगितलं. नौदलमंत्री योनाई १२ तारखेला खासगीत म्हणाले होते की शब्द योग्य नाही, पण बॉम्ब आणि रशिया ही एका अर्थी दैवी देणगी आहे. आतल्या परिस्थितीमुळे देश हरतोय हे कबूल करावं लागलं नाही, म्हणून. शरणागतीची कारणं आणि शरणागतीची सबब वेगळी असू शकते, आणि सम्राटाच्या दोन फर्मानांमधली दरी तेच दाखवते.

१९४६ च्या अमेरिकी बॉम्बहल्ला पाहणी अहवालाचंही तसंच. त्यात म्हटलंय की बॉम्ब, रशिया, स्वारी यांतलं काहीही नसतं तरी जपान १९४५ च्या ३१ डिसेंबरपूर्वी नक्की, आणि बहुधा १ नोव्हेंबरपूर्वी शरण आला असता. विरोधी बाजूचं हे आवडतं अवतरण. पण त्याच पाहणीत घेतलेल्या अनेक जबान्या या निष्कर्षाला आधार देत नाहीत, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. ते एकट्याच्या जोरावर उत्तर उभं करू नका.

केतकी_ग

सगळी चर्चा युद्ध कधी संपलं यावर चालली आहे. प्रश्नात 'चिकित्सक' हा शब्द आहे, तर ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांचा मुद्दा शेवटच्या एका ओळीत उरकू नये. १९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० च्या आसपास माणसं गेली.

आणि हा मुद्दा भावनेचा नाही, कागदाचा आहे. बॉम्बच्या वापराबद्दल सल्ला देणाऱ्या अंतरिम समितीच्या ३१ मे १९४५ च्या इतिवृत्तात लिहिलंय की पूर्वसूचना देता येणार नाही, केवळ नागरी वस्तीवर भर देता येणार नाही, पण जास्तीत जास्त रहिवाशांवर खोल मानसिक परिणाम व्हायला हवा. मग सर्वांत योग्य लक्ष्य कोणतं ठरलं? भरपूर कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला महत्त्वाचा युद्ध कारखाना. घरं ही त्या व्याख्येतच आहेत. प्रत्यक्षात हिरोशिमात नेम धरला होता शहराच्या मध्यावरच्या टी आकाराच्या आयोई पुलावर. शहराच्या कडेचे मोठे कारखाने बरेचसे वाचले. ट्रुमन मात्र २५ जुलैच्या रोजनिशीत लिहितात की लक्ष्य लष्करी असेल, बायका-मुलं नव्हे. त्या वाक्यात आणि त्या पुलात जे अंतर आहे ते उत्तरात दिसायला हवं.

न्या. राधाबिनोद पाल यांनी टोकियो खटल्यातल्या भिन्नमत निकालपत्रात बॉम्बच्या निर्णयावर कठोर टीका केली आहे, भारतीय विद्यार्थ्याला तो संदर्भ सहज देता येतो.

मंद्रसप्तक

केतकीताई, इतिवृत्ताचा मुद्दा फार चांगला. फक्त पाल यांचा आधार 'अपरिहार्य होतं का' याला देऊ नका, त्यांचा युक्तिवाद न्यायाचा आहे, गरजेचा नाही. आणि एक प्रतिवाद सोबत द्यावाच लागेल. ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून एक लाखाच्या आसपास माणसं मारली गेली होती. शहर हे लक्ष्य मानायची रेषा अणुबॉम्बच्या आधीच ओलांडली गेली होती. निर्णय घेणाऱ्यांना तो नवा प्रश्न वाटलाच नाही, याचं मोठं कारण हे आहे. समर्थन नव्हे, कारण.

पारंबी

सगळ्यांचं वाचून पुन्हा लिहिलं. प्रस्तावना आणि निर्णयाचा परिच्छेद देते, मधला भाग इथल्याच मुद्द्यांचा आहे.

प्रस्तावना: "अणुबॉम्बचा वापर हा एका दिवशी घेतलेला एकच निर्णय नव्हता. २५ जुलै १९४५ च्या आदेशाने पहिला बॉम्ब आणि 'तयार होतील तसे' पुढचे बॉम्ब एकाच वेळी मंजूर केले. म्हणून हिरोशिमा आणि नागासाकी यांचे परीक्षण स्वतंत्रपणे करावे लागते."

निर्णय: "हिरोशिमाचा हल्ला त्या काळच्या माहितीवर समजण्याजोगा होता, कारण स्वारी महाग पडण्याची भीती खरी होती आणि २१ जुलैपर्यंत टोकियोने बिनशर्त शरणागती नाकारली होती. परंतु तो अपरिहार्य नव्हता, कारण राजघराण्याविषयीचे आश्वासन व सोव्हिएत प्रवेशाची प्रतीक्षा हे दोन पर्याय उपलब्ध असूनही वापरले गेले नाहीत. ते यशस्वी झाले असते असे सिद्ध करता येत नाही. नागासाकीच्या बाबतीत मात्र जपानला विचाराला ७५ तासही मिळाले नाहीत आणि युद्धमंडळातील मते त्यानंतरही ३-३ राहिली. त्याची आवश्यकता सिद्ध होत नाही."

शिलाहार

खूपच सुधारलं. 'आवश्यकता सिद्ध होत नाही' हे दर्यावर्दींचं वाक्य तुम्ही उचललंत, मी अजूनही 'अनावश्यक' म्हणेन, पण तुमचं वाक्य तुमच्या पुराव्याला शोभतं. नागासाकीच्या परिच्छेदात '३-३' च्या आधी 'स्वीकाराची चर्चा बातमी येण्याआधीच सुरू झाली होती' हे घाला, नाहीतर मंद्रसप्तक यांचाच आक्षेप तपासणारा घेईल.

मंद्रसप्तक

आणि 'सोव्हिएत प्रवेशाची प्रतीक्षा' यापुढे 'स्तालिनने दिलेल्या तारखेनुसार जेमतेम नऊ दिवस' असं लिहा. ६ ते १५ ऑगस्ट. नुसतं 'प्रतीक्षा' म्हटलं की महिने वाटतात.

दर्यावर्दी

नऊ दिवस म्हणताय तर त्या नऊ दिवसांत चीनमध्ये आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांत मरणाऱ्यांचंही अर्धं वाक्य घाला. वाट पाहणं फुकटचं नव्हतं.

पारंबी

घालते. शब्दमर्यादेत बसवायला 'समजण्याजोगा'चं स्पष्टीकरण कापावं लागेल, ते कापू की पाल यांचा संदर्भ?

केतकी_ग

पाल कापा. आयोई पूल ठेवा.